समर्थच्या आईंना, वर्गशिक्षिकेकडून

नमस्कार ताई,

मी सुरेखा मॅडम, समर्थच्या वर्गातून. समर्थ बरा आहे, त्याला काही लागलेलं नाही, हे आधी सांगते. शाळेतून एवढा मोठा मेसेज आला की काळजात धस्स होतं. फोन केला असता, पण तुमच्या घरी त्या वेळेला माणसांचा राबता असतो आणि हे बोलणं चारचौघांत व्हावं असं मला वाटत नाही. म्हणून लिहिते. सवडीने वाचा, घाई नाही.

समर्थ वर्गातल्या लेकरांना मारतोय. दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हापासून असं पाच वेळा झालं. पहिल्या दोन वेळा ढकलाढकली होती, तेवढी या वयात सगळीच करतात, म्हणून मी तुम्हाला कळवलं नाही. नंतर त्याने एकाच्या पाठीत बुक्की घातली, एकीचे केस ओढले. आणि काल खिचडीच्या आधी नळावर हात धुताना हातातली स्टीलची ताटली मागच्या मुलाच्या कपाळावर मारली. टेंगूळ आलं. रक्त आलं नाही. थंड पाण्याची पट्टी ठेवली, मुख्याध्यापक सरांना सांगितलं, त्या मुलाच्या घरीही कळवलं. आज तो मुलगा शाळेत आला आहे, खेळतो आहे. पण ताटली डोळ्याला लागली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे किरकोळ आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

कुणाला लागलं त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरीही मी समर्थचं नाव घेतलं नाही. गाव लहान आहे, लेकरं घरी जाऊन सांगतातच, त्यामुळे एव्हाना तुम्हाला कळलंही असेल. एक विनंती करते, त्यावरून कुणाच्या दारात जाऊ नका, आणि कुणी तुमच्या दारात आलं तर "मॅडमशी बोला" एवढंच सांगा. वर्गात झालेलं वर्गात मिटवायची जबाबदारी माझी आहे. शाळेच्या ग्रुपवरही यातलं एक अक्षर जाणार नाही.

आता मला जे दिसलं ते सांगते. काल ताटली मारल्यावर समर्थ पळाला नाही. तिथेच उभा राहिला, हात थरथरत होते. मी खाली बसून विचारलं तर म्हणाला, "म्या मुद्दाम नाही हाणलं मॅडम, त्यो मागून आला." मी वहीत आधीच्या नोंदी काढून पाहिल्या. पाचांपैकी चार वेळा हेच आहे: रांग, गर्दी, गोंगाट, आणि कुणीतरी मागून किंवा बाजूने त्याला लागलेलं. फक्त केस ओढले तेव्हा भांडण खोडरबरावरून होतं. गणिताच्या तासाला, गोष्टीच्या वेळी, जोडीत काम करताना त्याने एकदाही कुणाला हात लावलेला नाही. ज्याला नुसतं मारायचंच असतं तो जागा बघत नाही. समर्थच्या बाबतीत जागा ठरलेल्या आहेत, आणि म्हणूनच मला यात वाट दिसते.

दुसरी गोष्ट जरा जपून सांगते, कारण मी डॉक्टर नाही. डाव्या बाजूने हाक मारली की समर्थ बऱ्याचदा वळत नाही. उजवीकडून मारली की लगेच बघतो. श्रुतलेखन घेताना मी त्याच्या डावीकडे उभी असले तर त्याचे शब्द सुटतात, समोर उभी राहिले की सगळे बरोबर येतात. दिवाळीनंतर त्याला बरेच दिवस सर्दी होती, कान ठणकतो असंही एकदा म्हणाला होता. लहान लेकरांना सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साठून कमी ऐकू येतं, असं होऊ शकतं आणि ते बहुतेक वेळा बरंही होतं. मागचा मुलगा "सरक" म्हणाला असेल आणि याला ते ऐकूच गेलं नसेल, एकदम धक्काच बसला असेल, असं असू शकतं. नसेलही. पण कान एकदा दाखवून घ्यायला हवेत. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर असतात. लेकरं तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेतही येतं, पण ते वर्षातून एकदाच, तोवर थांबू नका. दाखवेपर्यंत कानात तेल किंवा काडी घालू नका. आजींनाही सांगा.

आणि तिसरी. हे तुम्हाला दुखवायला सांगत नाही. येळवशीनंतर मी लेकरांना शेतातलं चित्र काढायला सांगितलं होतं. समर्थने कडब्याची कोप काढली, आत पांडवांचे दगड एकाखाली एक नीट मांडले, आंबिलाचं मडकं काढलं, तुम्हाला आणि आजींना काढलं. बाजूला एक माणूस काढून पुन्हा खोडला होता. विचारलं तर म्हणाला, "पप्पा पुण्याला हायेत, येळवशीला बी आले न्हाईत." एवढंच बोलला आणि रंग भरायला लागला. कामासाठी बाहेर जावं लागतं, माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत हेच आहे, त्यात तुमची किंवा समर्थच्या पप्पांची काही चूक नाही. मारण्याचं कारण हेच, असंही मी म्हणत नाही. पण लेकराच्या मनात ते आहे हे तुम्हाला माहीत असावं. जमलं तर पप्पांनी रात्री झोपायच्या आधी त्याच्याशी फोनवर बोलावं. मारामारीबद्दल नको. आज काय खेळलास, बैलं कशी आहेत, असं काहीतरी.

शाळेत आम्ही काय करतोय तेही ऐका. आजपासून समर्थ रांगेत सगळ्यात पुढे उभा राहतो, म्हणजे मागून फक्त एकच मूल असतं आणि ते कोण असावं ते मी ठरवते. त्याची बसकर पट्टी डाव्या भिंतीजवळ घेतली आहे, म्हणजे वर्ग त्याच्या उजव्या कानाकडे राहतो. राग आला की हात मागे बांधायचे, दोन पावलं सरकायचं आणि माझ्याकडे यायचं, हे आम्ही खेळ करून सगळ्याच वर्गाला शिकवतोय, त्याला एकट्याला नाही. काल जेवणानंतर त्या मुलाला पाण्याची बाटली भरून दिली ती समर्थनेच. मी "माफी माग" म्हणाले नव्हते, "त्याला बरं वाटायला काय करता येईल" एवढंच विचारलं होतं. त्याने ते स्वतः शोधलं. पाणी उतू जाईस्तोवर भरली.

मला जास्त काळजी आहे ती वेगळीच. काही लेकरं आता त्याच्याजवळ पट्टी टाकत नाहीत. कुणीतरी त्याला नावही पाडायला बघत होतं, ते मी तिथल्या तिथे थांबवलं. सात वर्षांच्या लेकराला एकदा "हा मारतो" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यालाही ते खरं वाटायला लागतं. म्हणून मला यावर आत्ताच काम करायचं आहे.

घरी एक गोष्ट कळकळीने मागते. हा मेसेज वाचून त्याला मारू नका. मागे तुम्ही गेटवर म्हणाला होता, "मॅडम, दोन लावा, मग येईल वठणीवर." तुम्ही विश्वासाने म्हणाला होता, मला ठाऊक आहे. पण मी लावणार नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा शाळेत लेकराला मारायला मनाई करतो, आणि कायदा नसता तरी मी लावल्या नसत्या. चिडल्यावर हात उचलायचा नाही हे त्याला शिकवायचं आहे, आणि ते मोठ्यांनी हात उचलून कसं शिकेल? त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा की, "मॅडमनी मला सांगितलंय. मारायचं नाही. तुला कुणी त्रास दिला तर मॅडमला सांगायचं, मॅडम ऐकतात." दहा वेळा नाही, एकदाच. पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका. आणि "कुणी मारलं तर तू दोन दे" असं घरात कुणी म्हणत असेल तर तेही थांबवायला हवं. चुलते गमतीत म्हणतात, पण लेकरू ते गमतीत घेत नाही.

त्याला शाळेतून काढतील का, अशी भीती तुमच्या मनात आली असेल तर ती काढून टाका. त्याच कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही लेकराचं नाव शाळेतून काढता येत नाही. सरांशीही माझं बोलणं झालं आहे, तसा विषयसुद्धा कुणी काढलेला नाही. महिनाभरात फरक पडला नाही तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना वर्गात येऊन त्याला बघायला सांगू, पण ते तुम्हाला विचारूनच. त्याने लेकरावर कसला शिक्का बसत नाही. ते आमच्यासारखेच शिक्षक असतात, फक्त या कामात जास्त तयार झालेले.

मला तुमच्याकडूनही ऐकायचं आहे. तो घरी कसा असतो, रात्री नीट झोपतो का, टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतो का, धाकट्या बहिणीशी कसा वागतो, गल्लीत कुणी त्याला चिडवतं का. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखता. मी सांगितलेलं काही चुकीचं वाटलं तर तेही बोला, मला राग येणार नाही.

या शनिवारी सकाळची शाळा आहे. शाळा सुटल्यावर साडेअकराला वर्गात या, तेव्हा दुसरं कुणी नसतं. बाळाला घेऊन आलात तरी चालेल. शेतातलं काम असेल तर सोमवारी संध्याकाळी पाचनंतर फोन करा, मी मोकळी असते. तोवर रोज शाळा सुटताना समर्थच्या वहीच्या मागच्या पानावर मी दोन ओळी लिहीन, दिवस कसा गेला ते. चांगला गेला तरी लिहीन. तुम्ही फक्त खाली सही करा. त्याला ते पान दाखवून वाचायला लावा, तो आता बऱ्यापैकी वाचतो, जोडाक्षरं तेवढी अडतात.

सुरेखा मॅडम
इयत्ता दुसरी