सरदेसाई साहेबांना मेल

पत्त्याचा रकाना मृण्मयीने मुद्दाम रिकामा ठेवला होता. चुकून बटण दाबलं गेलं, तरी मेल जाणार नव्हता.

सरदेसाई साहेब म्हणजे फर्मचे सर्वांत जुने क्लायंट, चाकणच्या कारखान्याचे अध्यक्ष; सध्या लेकीकडे लंडनला. मृण्मयीने अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यात 'तसदीबद्दल क्षमस्व' दोनदा होतं, तारीख एकही नव्हती.

शुभांगी मॅडमनी खुर्चीमागून वाचलं. "'कधी सोयीचं होईल' असं विचारलंस की डायरी त्यांना चाळावी लागते. मग उत्तर लांबणीवर पडतं. तीन वेळा दे, माझ्या कॅलेंडरमध्ये तिन्ही अडवून ठेव. सीसीत कुलकर्णी मॅडम, त्यांची डायरी त्याच बघतात. आणि क्षमा कशाची मागतेस? कामच त्यांचं आहे."

मृण्मयीने वेळा टाकल्या. दुपारी 3.30, लंडन सकाळी 11. साडेचार तासांचा फरक तिला पाठ होता. तरी हात थांबला. मीटिंग 27 तारखेची किंवा त्यानंतरची, आणि ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे 25 ला, तासभर मागे जाणार. फरक साडेपाच. साहेब तासभर उशिरा आले असते आणि मॅडम रिकाम्या पडद्यासमोर बसल्या असत्या. तिने तिन्ही वेळा पुन्हा मांडल्या.

विषय: चाकण शेड – रॅम्पचा निर्णय, 30 मिनिटांची मीटिंग, 27 ते 29 ऑक्टोबर

आदरणीय सरदेसाई साहेब,
सप्रेम नमस्कार.
नव्या शेडचे नकाशे ठेकेदाराला शुक्रवारी, 30 ऑक्टोबरला द्यायचे आहेत. त्याआधी उत्तरेकडचा रॅम्प आणि छताची उंची यांवर आपला निर्णय हवा आहे. शुभांगी मॅडमसोबत 30 मिनिटांच्या व्हिडिओ मीटिंगसाठी यांपैकी एक वेळ कळवावी:
मंगळवार 27: भारत दुपारी 3.30, लंडन सकाळी 10.00
बुधवार 28: भारत दुपारी 4.30, लंडन सकाळी 11.00
गुरुवार 29: भारत दुपारी 3.30, लंडन सकाळी 10.00
यांतली एकही सोयीची नसल्यास कुलकर्णी मॅडमशी बोलून दुसरी ठरवू. दोन्ही पर्यायांचे नकाशे सोबत जोडले आहेत.
आपली नम्र,
मृण्मयी

पीडीएफ जोडली, उघडून पाहिली: जुनी आवृत्ती होती. बदलली. 'सरदेसाई'तली दीर्घ ई तपासली. वार-तारखा कॅलेंडरवर ताडल्या. पत्ते अगदी शेवटी घातले. बोट बटणावर ठेवून ती उगाचच मॅडमकडे बघत राहिली. त्या फोनवर होत्या. तिने मेल सोडला.

चाळीस मिनिटांनी कुलकर्णी मॅडमचं उत्तर आलं: "बुधवार चालेल. साहेबांना नकाशे कागदावर बघायला आवडतात, ए-3 वर छापता येतील असे पाठवा."

मृण्मयीने बुधवारचं आमंत्रण पाठवलं, लिंक त्यातच घातली, मॅडमच्या कॅलेंडरमधल्या उरलेल्या दोन वेळा मोकळ्या केल्या आणि ए-3 ची पानं लावायला घेतली.