दावे पुनर्विलोकन समिती (आरोग्य विमा) : सभेचे इतिवृत्त

सभा : गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी ३.३०, विभागीय कार्यालय, अंधेरी (पूर्व), मुंबई

उपस्थिती : दावे विभागप्रमुख (अध्यक्ष), वैद्यकीय सल्लागार व अंडररायटिंग व्यवस्थापक (सदस्य). निमंत्रित : विधी अधिकारी, टीपीए समन्वयक, तक्रार निवारण अधिकारी. इतिवृत्त : समिती सचिव.

तिन्ही सदस्य हजर असल्याने गणपूर्ती झाली. जानेवारीच्या सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले. त्या सभेतील एकच काम बाकी आहे : रुग्णालयांच्या दरपत्रकांची अद्ययावत यादी. ती का लागते, हे आजच्या दुसऱ्या प्रकरणात पुरेसे दिसले.

प्रकरण १ : अँजिओप्लास्टी, पॉलिसीधारक वय ५८, दादर. दावा ₹६,२०,०००.

टीपीएची शिफारस दावा पूर्ण नाकारण्याची होती. कारण : रक्तदाब १० वर्षांपासून असूनही प्रस्ताव अर्जात लिहिला नाही. पॉलिसी १४ जून २०१९ पासून खंड न पडता सुरू आहे. विमा रक्कम सुरुवातीला ₹५ लाख होती, जून २०२३ मध्ये ती ₹१० लाख केली. रुग्ण डिसेंबर २०२५ मध्ये दाखल झाला.

विधी अधिकाऱ्यांनी सांगितले की टीपीएच्या टिपणात मोरेटोरियमचा काळ अजून ८ वर्षेच धरला आहे. २०२४ च्या नियमांनी तो ६० महिन्यांवर आणला आणि जून २०२५ च्या नूतनीकरणात पॉलिसीधारकाला दिलेल्या अटींतही तसेच छापले आहे. म्हणजे मूळ ₹५ लाखांपुरते ६० महिने जून २०२४ मध्येच भरले. त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. इथे फसवणुकीचा आरोप टीपीएनेही केलेला नाही. मात्र वाढवलेल्या रकमेसाठी ६० महिने २०२३ पासून नव्याने मोजायचे, त्यामुळे वरचे ₹१,२०,००० अजून वादात राहतात.

त्या रकमेवर बरीच चर्चा झाली. रक्तदाबाचा पुरावा म्हणून फाइलमध्ये एकच ओळ आहे, इनडोअर पेपरवर रात्री २ वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरने लिहिलेली. माहिती रुग्णाने दिली की मुलाने, याची नोंद नाही. डिस्चार्ज समरीत रक्तदाबाचा उल्लेखच नाही. वैद्यकीय सल्लागारांचे मत असे की छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाच्या नातेवाइकाने घाईत सांगितलेली ‘दहा वर्षे’ म्हणजे निदानाची तारीख नव्हे. औषधाची जुनी चिठ्ठी किंवा फॅमिली डॉक्टरची नोंद मिळाली तरच मुद्दा टिकेल. यावर अंडररायटिंग व्यवस्थापकांनी आणखी एक गोष्ट समोर ठेवली, जी खरे तर फाइलच्या पहिल्या पानावर हवी होती : २०२३ मध्ये रक्कम वाढवताना नवा अर्ज घेतलाच नव्हता, सगळे फोनवर झाले. त्या वेळी प्रकृतीबद्दल विचारले होते का, हे रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कळणार नाही. जे विचारलेच नाही ते लपवले, असे म्हणता येणार नाही, यावर तिन्ही सदस्यांचे एकमत झाले.

निर्णय : ₹५,००,००० तत्काळ मंजूर. रक्कम १८ फेब्रुवारीपर्यंत खात्यात जमा व्हावी (१९ला शिवजयंतीची बँक सुट्टी आहे). जबाबदारी : दावे लेखा अधिकारी. फोनचे रेकॉर्डिंग शोधून २३ फेब्रुवारीपर्यंत सादर करावे. जबाबदारी : अंडररायटिंग व्यवस्थापक. त्या तारखेला रेकॉर्डिंग मिळाले नाही किंवा त्यात प्रश्न नसला, तर उरलेले ₹१,२०,००० समितीकडे पुन्हा न आणता २७ फेब्रुवारीपर्यंत द्यावेत. पॉलिसीधारकाकडे नवी कागदपत्रे मागू नयेत, लागतील ती टीपीएने रुग्णालयातून आणावीत.

प्रकरण २ : गुडघा प्रत्यारोपण, मालाड. बिल ₹३,२०,०००, दिले ₹२,००,०००.

खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ₹५,०००. घेतलेली खोली ₹८,००० ची, मुक्काम ४ दिवस. टीपीएने याच प्रमाणात, म्हणजे ३७.५ टक्के, सरसकट अख्ख्या बिलातून कापले. इम्प्लांट (₹९५,०००), औषधे व कन्झ्युमेबल्स (₹४८,०००) आणि तपासण्या (₹१७,०००) यांना प्रमाणशीर कपात लागूच होत नाही. खोली बदलली म्हणून गुडघ्यात बसवलेला सांधा महाग होत नाही, असे अध्यक्ष म्हणाले.

नीट हिशेब केला तर खोलीचे ₹१२,००० आणि सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर व नर्सिंग यांच्या ₹१,२८,००० मधून ₹४८,००० एवढेच वजा होतात. म्हणजे देणे ₹२,६०,०००. यातलेही ₹४८,००० पक्के नाहीत. रुग्णालय खोलीप्रमाणे वेगळे दर लावत नसेल, तर ही कपातही चालणार नाही. दरपत्रक आपल्याकडे नाही.

निर्णय : ₹६०,००० आणि त्यावर बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज २० फेब्रुवारीपर्यंत (दावे लेखा अधिकारी). दरपत्रक २७ फेब्रुवारीपर्यंत (टीपीए समन्वयक). दर एकच निघाल्यास ₹४८,००० ही द्यावेत. मागील तीन महिन्यांत अशी सरसकट कपात झालेले दावे शोधून १२ मार्चच्या सभेत ठेवावेत (टीपीए समन्वयक). पॉलिसीधारकांनी तक्रार करण्याची वाट पाहू नये.

प्रकरण ३ : डेंग्यू, कुर्ला, ₹४१,३००. ‘ओपीडीत उपचार शक्य होते’ हा टीपीएचा शेरा. प्लेटलेट ६२,००० वरून रोज उतरत होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. भरती योग्य. दावा मंजूर, १८ फेब्रुवारीपर्यंत (दावे लेखा अधिकारी).

पण टीपीएने नकाराचा संदेश पॉलिसीधारकाला परस्पर पाठवला, ही गंभीर बाब आहे. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार या समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही. लेखी खुलासा १६ फेब्रुवारीपर्यंत (टीपीए समन्वयक). ‘सिस्टिममधून आपोआप गेला’ हे उत्तर समिती स्वीकारणार नाही.

प्रकरण ४ : मोतीबिंदू, बोरिवली, ₹५८,०००. पॉलिसी फेब्रुवारी २०२५ ची, शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये. मोतीबिंदूला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे. डिसेंबरमधील नकार कायम. पॉलिसीधारक बाईंनी एजंटने हे सांगितले नाही असे लिहिले आहे. त्याने अट बदलत नाही, तरी एजंटकडून लेखी म्हणणे घ्यावे (विक्री व्यवस्थापक, २७ फेब्रुवारी).

नकाराचे पत्र मात्र नव्याने लिहायचे आहे. जुन्या पत्रात ‘पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही’ एवढेच होते आणि मराठीत आलेल्या अर्जाला उत्तर इंग्रजीत गेले होते. नव्या पत्रात कलमाचा क्रमांक, प्रतीक्षा संपण्याची तारीख आणि सांताक्रूझ (पश्चिम) येथील विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते, हे मराठीत असावे (तक्रार निवारण अधिकारी, १८ फेब्रुवारी).

प्रकरण ५ : लोकपालांचा निवाडा, ₹८८,५०० व व्याज. निवाडा २१ जानेवारीला मिळाला, पालनाची मुदत ३० दिवस, पुढे दिवसाला ₹५,००० दंड. अपिलाचा विचार नाही. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर नाकारलेला दावा होता, आणि केवळ त्या कारणावर नकार देऊ नये हे सप्टेंबर २०११ पासूनच्या परिपत्रकात आहे. रक्कम १८ फेब्रुवारीपर्यंत (दावे लेखा अधिकारी), पालन अहवाल २० फेब्रुवारीपर्यंत (विधी अधिकारी).

पुढील सभा गुरुवार, १२ मार्च २०२६, दुपारी ३.३०. प्रकरणांच्या फाइली ९ मार्चला दुपारपर्यंत सचिवांकडे याव्यात. नंतर आलेली फाइल एप्रिलमध्ये जाईल. सभा ५.४० ला संपली.

समिती सचिव
प्रत : सर्व सदस्य, निमंत्रित, विक्री व्यवस्थापक, दावे लेखा अधिकारी