अक्षराला दीडशे

पेंटरकाकांनी निळीत बुडवलेली दोरी फळ्यावर ताणली आणि चिमटीनं उचलून सोडली. टण्ण. एक रेघ वर, एक खाली. उजवीकडं 'बेकरी' ही तीन अक्षरं त्यांनी खडूनं आधीच आखून घेतली होती, कारण बापलेकीचं एकमत तेवढ्यावरच होतं. डावी बाजू मोकळी.

"अक्षराला दीडशे," काका म्हणाले. "काना, मात्रा, वेलांटी फुकट. जोडाक्षर एकच धरतो. पण नाव सांगा की आता. अकराला मला राजारामपुरीत पोचायचंय."

"सुभद्रा," दत्तामामा म्हणाले.

"काका, हात लावू नका ब्रशला!" आतून वैशू ओरडली.

मंगळवार पेठेतल्या त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात दोन महिने हेच चाललं होतं. ओव्हन आला, काचेचं कपाट आलं, मैद्याची पोती आली, मुद्राचं कर्जही मंजूर झालं. फॉर्मवर नावाचा रकाना आला की वैशू तात्पुरतं स्वतःचं नाव टाकून मोकळी व्हायची. आज मात्र पर्याय नव्हता. उद्या गुरुवार, उद्याच पूजा.

वैशू पदर खोचावा तशी ओढणी खोचून बाहेर आली. हाताला डालडा लागलेला.

"पप्पा, शेवटचं सांगतो तुम्हाला. त्या माणसाच्या आईचं नाव आपल्या दुकानाला लागणार नाही."

"आईनं काय वाकडं केलंय तुझं? देवमाणूस होती. मी कामाला लागलो तेव्हा पहिला चहा तिनं दिला."

"आणि तिच्या पोरानं शेवटी काय दिलं? शाल, नारळ आणि पाच किलो मैदा."

हे खरं होतं. १९९० साली एकोणिसाव्या वर्षी दत्तामामा शाहूपुरीतल्या सुभद्रा बेकरीत भट्टीवर उभे राहिले. २०१९ च्या महापुरात भट्टीत कमरेएवढं पाणी शिरलं, तरी पाणी ओसरल्यावर गाळ उपसून पंधरा दिवसांत पहिली लादी त्यांनीच काढली. दोन वर्षांनी मालकानं जागा बिल्डरला दिली. एकतीस वर्षांचा हिशेब शालीत गुंडाळून आला. मैदा घरी आणला तेव्हा त्यात किडे निघाले होते, हे वैशूनं कधी वडिलांना सांगितलं नाही. गुपचूप चाळून घेतला आणि दिवाळीच्या करंज्यांना वापरला.

"नाव त्याचं न्हाई," दत्तामामा सावकाश म्हणाले. "नाव माझं हाय. कागदावर नसंल. पण शाहूपुरीत कुणालाबी विचार, सुभद्राची नानकटाई म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटतं का न्हाई. ती कुणी भाजली? त्यानं कधी भट्टीत हात घातलाय?"

"तेच तर म्हणतोय मी! भाजलं तुम्ही, तर पाटीवर तुम्ही पाहिजे. दत्तामामा बेकरी. सगळी पेठ तुम्हाला ह्याच नावानं हाक मारती."

"जित्या माणसाचं नाव लावतात व्हय कुठं? भिंतीवर फोटो लावल्यागत वाटतं."

पेंटरकाका बोटं मोजत होते. "सुभद्रा तीन. दत्तामामा चार. दीडशेचा फरक पडतोय, मामा."

"बघ. दीडशे वाचतात."

"ते दीडशे माझे आहेत," वैशू म्हणाली. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात चार वर्षं हिशेब लिहून तिनं पैसे साठवले होते. कर्जही तिच्याच नावावर. सुरुवातीला तिनं एक इंग्रजी नाव काढलं होतं, ते दत्तामामांना उच्चारता येईना आणि तिलाही आठवड्याभरानं आवडेना. ते दोघांनी मिळून मारलं. एकत्र केलेली तेवढी एकच गोष्ट.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या आजी पिशवी घेऊन पायरीपाशी आल्या. उद्घाटन उद्या आहे, हे त्यांना कुणी सांगून उपयोग नव्हता.

"दत्तामामा, उघडलंसा व्हय एकदाचं? नानकटाई द्या पाव किलो. ती सुभद्राची असायची बघा, तसली."

वैशूनं वडिलांकडं पाहिलं. दत्तामामांनी वैशूकडं पाहिलं.

"ऐकलंस?" दोघं एकदमच म्हणाले.

काका खो खो हसायला लागले. आजींना कळेना, आपण काय बोललो. त्या पायरीवरच बसल्या.

आणि तेव्हाच वास आला. अजून करपला नव्हता, पण करपायच्या एक पाऊल अलीकडचा. दत्तामामा आत धावले. लाकडाच्या भट्टीत त्यांना काटा कधी लागला नव्हता. पाव निघाले की भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकायचा, तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचं आणि उतरत्या आचेवर नानकटाई सरकवायची. ह्या नव्या ओव्हनला खालून वेगळी कळ, वरून वेगळी. आकडे दाखवतो, आच दाखवत नाही.

त्यांनी ट्रे ओढून ओट्यावर ठेवला. पुढच्या दोन ओळी बदामी. मागच्या ओळीच्या कडा काळपट.

वैशू मागं येऊन उभी राहिली. दत्तामामा बराच वेळ ट्रेकडंच बघत होते. अंगातल्या बनियनवर मैद्याचा पंजा उमटला होता.

"हे बघ," ते हळूच म्हणाले. "तिकडं असं झालं की लोक म्हणायचे, सुभद्राचा माल बिघडला. माझं नाव कोण घेत नव्हतं. एकतीस वर्षं आत उभा होतो मी. शिव्याबी बाहेरच्या बाहेर जायच्या." त्यांनी एक काळी नानकटाई उचलली. "उद्या पाटीवर दत्तामामा असंल, तर ही बी दत्तामामाचीच."

वैशू काही बोलली नाही. दोन महिने ती मालकाशी भांडत होती. समोर हा माणूस उभा होता आणि ह्याची भीती तिला दिसली नव्हती. तिनं ती काळी नानकटाई त्यांच्या हातातून घेतली आणि खाल्ली. कडू होती. वेलदोडा मात्र बरोबर पडला होता.

"मागची आच वीसनं कमी करतो," ती म्हणाली. "आणि मधे ट्रे फिरवायचा. लिहून ठेवतो."

"लिहून काय ठेवतीस? वास घे."

बाहेर आजींना बदामी ओळीतल्या पाव किलो दिल्या. पैसे घ्यायचे का नाही यावरून पुन्हा थोडी वादावादी झाली. भवानी उद्या, म्हणून घ्यायचे नाहीत असं वैशू म्हणाली. फुकट दिलं की गिऱ्हाईक बिघडतं, असं दत्तामामा. आजींनीच वीसची नोट काचेवर ठेवली आणि निघून गेल्या.

पेंटरकाकांनी घड्याळ बघितलं आणि कुणाला न विचारता मोकळ्या जागेचे चार भाग पाडले. खडूनं 'द' काढला. मग त्याच्या शेजारी 'त'ला 'त' जोडायला लागले.

दत्तामामा दारात उभे राहून बघत होते. वैशू श्वास रोखून त्यांच्याकडं बघत होती.

"काका," दत्तामामा म्हणाले.

काकांचा हात थांबला.

"त्यातला अर्धा त नीट दिसू दे. लोक दाता म्हणून वाचतील. आणि ते वरचे दीडशे तिच्याकडनं घ्या."