ओम, उद्याच्या इतिहासाच्या पेपरसाठी आजचा दिवस असा घालव

ओम,
मी निघाले तेव्हा तू गाढ झोपला होतास, म्हणून हे लिहून तुझ्या टेबलावर ठेवतेय. महापेहून यायला मला साडेआठ वाजतील. तोपर्यंत दिवस असा जाऊ दे.

आज नवीन काही शिकायचं नाही. जे येतंय त्यावरून एकदा डोळे फिरवायचे, बस. पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा आहे, आणि तुझा अभ्यास झालाय. मी दोन महिने बघतेय.

नाश्ता झाला की साडेनऊला पहिले दोन धडे घे, इतिहासलेखनाचे. ओळीने वाचू नकोस. फक्त नाव आणि काम अशी जोडी बघ: व्हॉल्टेअर म्हणजे आधुनिक इतिहासलेखनाचा जनक, कल्हण म्हणजे बाराव्या शतकातलं ‘राजतरंगिणी’, अलेक्झांडर कनिंगहॅम म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला महासंचालक. चुकीची जोडी ओळखायला देतात ती अशाच नावांमधून. हात ठेवून उजवी बाजू झाक, आठवली तर पुढे जा. नाही आठवली तर पेन्सिलने टिंब कर आणि तरीही पुढे जा. अडून बसू नकोस.

मग प्रसारमाध्यमं. इथे तुझा घोटाळा होतो, कालच्या वहीत मी पाहिला. ‘बेंगॉल गॅझेट’ २९ जानेवारी १७८०, हिकीचं, इंग्रजी, कोलकात्यात. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकरांचं, मुंबईत. दोन्ही जानेवारीतलीच, म्हणून गोंधळ होतो. मधे बावन्न वर्षं आहेत एवढं धरून ठेव. माझ्या दहावीला मी रात्री दोनपर्यंत जागले होते आणि पेपरात ह्याच दोन तारखा अदलाबदल करून लिहिल्या. आदल्या संध्याकाळी मला त्या पाठ होत्या. झोप गेली, तशा त्याही गेल्या. म्हणून झोपेचं एवढं सांगतेय.

मनोरंजनाच्या धड्यात विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३, एवढं बघून घे. खेळ आणि पर्यटन तुला आवडतात, ते नुसते चाळ. पर्यटनाच्या दीर्घोत्तराला आपण गेल्या पावसाळ्यात अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो ते आठव. उदाहरण म्हणून लिहिता येईल.

जेवण साडेबाराला. आईने वरणभात केलाय, फ्रिजमधली कालची मिसळ खाऊ नकोस. जेवल्यावर अर्धा तास पड, गजर लावून.

दुपारी अडीचला राज्यशास्त्र. त्याला लोक शेवटचा अर्धा तास देतात, तू दीड तास दे, कारण तिथे पाठांतर कमी आणि गुण हातात येणारे. मतदानाचं वय २१ वरून १८, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती, २००५ चा माहितीचा अधिकार: हे तिन्ही ‘संविधानाची वाटचाल’ मध्ये एकत्र आहेत. ‘चूक की बरोबर सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न असतो, तेव्हा कारण एका वाक्यात तोंडाने म्हणून बघ. लिहायची गरज नाही.

आता सोडायचं काय. भारतीय कलांमधल्या चित्रशैलींची लांबलचक यादी सोड, दोन-तीन येतात त्या पुरेत. गाइडमधली तयार दीर्घोत्तरं शब्दशः घोकायची नाहीत. मुद्दे लक्षात असले की वाक्यं तुझी चालतील. अपेक्षित प्रश्नसंच आज उघडूच नकोस. वर्गाच्या ग्रुपवर ‘हे नक्की येणार’ म्हणून फिरेल ते वाचलंस तर नसलेली भीती घरी येईल. फोन आईकडे दे. भूगोलही आज नाही.

साडेपाचला खाली जा, खाडीकडे चालून ये. चहा चारनंतर नको.

सातला फक्त पेन्सिलची टिंबं बघायची, तासभर. मग वह्या मिटायच्या. हॉलतिकीट, दोन निळी पेनं, पट्टी, घड्याळ, पाण्याची बाटली बॅगेत घाल. मी आल्यावर एकदा बघेन. दहाला दिवा बंद. झोप लगेच नाही आली तरी पुस्तक उचलू नकोस, डोळे मिटून पडून राहा. खिडकी आधीच लाव, डासांनी जाग येते.

उठायचं सहाला. पेपर अकराला आहे, साडेदहाला आत बसायचं. नौपाड्याच्या सेंटरला रिक्षाने जायचं नाही, कळवा पुलावर अडकलो तर नुसता जीव टांगणीला. सव्वानऊला निघून लोकलने एक स्टेशन, मग चालत. गर्दी असेल, म्हणून मी सोबत येतेय. ऑफिसात तसं सांगून ठेवलंय. ट्रेनमध्ये तू काही वाचणार नाहीस, आणि मीही काही विचारणार नाही.

तुझी,
ताई