आज गोळ्यांच्या आठवणीचा मेसेज का आला नाही

सर्वांना नमस्कार,

आज सोमवार, ६ जुलै. रोज सकाळी दहाला आपल्या दवाखान्याकडून जातो तो "आपल्या गोळ्या संपत आल्या आहेत" हा मेसेज आज कुणालाच गेलेला नाही. तो मीच थांबवलाय, सरांना विचारून. तुमच्या मोबाईलला काही झालेलं नाही, रिचार्जही संपलेला नाही. सकाळपासून एकच प्रश्न विचारणारे फोन येतायत, म्हणून सगळ्यांसाठी एकदम लिहिते.

आधी कामाचं. मेसेज आला नाही म्हणजे गोळ्या अजून पुरतायत, असं धरून बसू नका. पाकीट काढून बघा. आपला मेसेज गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी जातो. त्यामुळं ज्यांच्या गोळ्या येत्या शनिवारी, ११ तारखेला संपतात, त्यांना तो आज जायला हवा होता. पाच दिवस हातात आहेत, घाबरायचं कारण नाही. पण विसरायचंही नाही.

आता झालं काय ते सांगते. काल रविवारी दवाखाना बंद असताना सॉफ्टवेअरवाल्यांनी आपली सगळी नोंद जुन्या प्रोग्राममधून नव्यात टाकली. आपण तारीख लिहितो ती दिवस आधी, महिना नंतर. नव्या प्रोग्रामची बैठक अमेरिकन पद्धतीची, तो महिना आधी वाचतो. म्हणजे ०६/०७/२०२६ हे आपल्याला ६ जुलै दिसतं, त्याला ७ जून. झालं, आज ज्यांना मेसेज जायचा त्यांची तारीख त्याच्या हिशेबानं महिन्यापूर्वीच उलटून गेली. आणि ज्यांची तारीख ७ जून होती, म्हणजे ०७/०६, ते त्याला आजचे वाटले.

१३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र बरोबर आहेत, कारण तेरावा महिना त्याला सापडत नाही आणि तो मुकाट्यानं आपल्यासारखं वाचतो. घोळ फक्त १ ते १२ तारखांचा. त्यातही उद्याची ७ जुलै सुटली, कारण ०७/०७ कुठूनही वाचलं तरी तेच. उद्याचे मेसेज वेळेवर जातील. ८ ते १२ तारखेचे मात्र प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत आपोआप जाणार नाहीत, ते आम्ही हातानं करणार.

मेसेज सोडायच्या आधी मी यादीवर एक नजर टाकते, ती सवय आहे. आज यादीत पहिलंच नाव अशा काकांचं होतं, ज्यांनी मागच्याच आठवड्यात दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्या. खाली बघत गेले तर आणखी एका मावशींचं नाव, आणि समोर बीपीची जी गोळी लिहिलेली ती सरांनी जूनमध्येच बंद करून दुसरी दिलीय. तिथं मी थांबले.

काहीजण म्हणाले, "मग काय बिघडलं असतं? एक जादा मेसेज आला असता." बिघडलं असतं. आपल्या मेसेजमध्ये गोळीचं नाव असतं. दवाखान्याकडून नाव आलं म्हटल्यावर माणूस मेडिकलमध्ये जाऊन तीच गोळी मागतो. मावशींनी जुनी गोळी आणली असती आणि नवीही चालूच ठेवली असती. बीपीच्या दोन गोळ्या एकदम सुरू झाल्या तर रक्तदाब एकदम खाली येतो, उठताना चक्कर येते, आणि वय झालेलं माणूस मोरीत पडलं की पुढचं सगळं हाडांच्या डॉक्टरांकडं. चुकीचा मेसेज जाण्यापेक्षा न गेलेला परवडला, असं माझं मत आहे आणि सरांनीही तेच सांगितलं.

दुसरा प्रश्न, "मग तुम्हीच साधा एसएमएस का टाकत नाही सगळ्यांना?" त्याचं असं आहे की ट्रायच्या नियमानं दवाखाना असो की बँक, एकगठ्ठा एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुराशी जुळत नसेल तर मोबाईल कंपनी तो मधेच अडवते. आपला मंजूर मजकूर एकच, गोळ्या संपत आल्याचा. "आज मेसेज का नाही" असा मजकूर आपण कधी मंजूर करून घेतलेला नाही, कशाला घेऊ? म्हणून हे व्हॉट्सॲपवर लिहिते. ज्यांच्याकडं व्हॉट्सॲप नाही त्यांना फोन जातोय. तुमच्या शेजारी आपले कुणी पेशंट असतील तर त्यांना एवढं सांगा, की पाकीट बघा. आजारपण कसलं, गोळी कसली, ते विचारू नका आणि कुणाचं ग्रुपवरही टाकू नका. एका दादांनी पूर्ण यादीच पाठवा म्हणून सांगितलं, म्हणजे ते गल्लीत सगळ्यांना कळवतील. भावना चांगली, पण यादी मिळणार नाही.

फोन कुणाला आधी, तेही ठरवलंय. जुनं रजिस्टर मी बंद केलेलं नव्हतं, ते आज उपयोगी पडलं. त्यातून इन्सुलिनवाले, रक्त पातळ व्हायची गोळी घेणारे, फिटची गोळी घेणारे, स्टिरॉइडवर असणारे आणि हृदयाच्या गोळ्यावाले असे आधी घेतले. यातल्या बऱ्याच गोळ्या एकदम बंद पडलेल्या चालत नाहीत. फिटची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइड गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतात, संपली म्हणून सोडून द्यायची नसते. या सगळ्यांना आज संध्याकाळपर्यंत फोन होईल. बाकीच्यांना उद्या दुपारपर्यंत. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका, हा मेसेज ज्या नंबरवरून आला त्याच नंबरवरून फोन येईल. फोनवर आम्ही पैसे, ओटीपी किंवा आधार नंबर विचारत नाही. तसं कुणी विचारलं तर तो आपला दवाखाना नव्हे.

गोळ्या मोजताना एक बघा. तीन पाकिटं म्हणजे एक महिना, हा हिशेब आता सगळीकडं बसत नाही. काही पाकिटं दहाची, काही चौदाची, काही पंधराची. थायरॉईडच्या गोळ्या बाटलीत येतात, ती हलवून अंदाज घेऊ नका, ओतून मोजा. दिवसाला दोन गोळ्या असतील तर शिल्लक निम्मी करा. आणि इन्सुलिनवाल्यांनी औषध किती उरलंय एवढंच बघून भागत नाही. बहुतेक इन्सुलिन एकदा उघडलं की साधारण २८ दिवसच वापरायचं असतं, तळाला थोडं राहिलं तरी. उघडल्याची तारीख पेनावर किंवा बाटलीवर लिहिली नसेल तर मला फोन करा, मागची नेल्याची तारीख काढून देते.

मधल्या काळात गोळी संपली आणि एक-दोन दिवस चुकले, असं कुणाचं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी दोन-दोन घेऊन भरपाई करू नका. आधी फोन करा. लाजायचं काही नाही, असे फोन रोज येतात. घरातल्या दुसऱ्या कुणाची "त्याच नावाची" गोळी उसनी घेऊ नका, नाव एक असलं तरी मिलीग्रॅम वेगळे असतात. पाच आणि दहा हे पाकिटावर सारखंच दिसतं, विशेषतः चष्मा टेबलावर राहिला असेल तर.

औषध घ्यायला येताना जुनी चिठ्ठी आणि रिकामं पाकीट दोन्ही आणा. चिठ्ठी नसेल तर मेडिकलवाले गोळी देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. रक्त पातळ व्हायची गोळी घेणाऱ्यांपैकी ज्यांना आयएनआर तपासायला सांगितलंय, त्यांनी रिपोर्ट घेऊनच यावं, सर तो बघितल्याशिवाय डोस लिहून देत नाहीत. साखरवाल्यांपैकी ज्यांची तीन महिन्यांची तपासणी राहिलीय त्यांनी ती याच फेरीत उरकून घ्यावी. ज्यांना फक्त त्याच गोळ्या परत हव्यात, तपासणी नको, त्यांना नंबर लावायची गरज नाही. काउंटरवर चिठ्ठी द्या, सर दोन पेशंटच्या मध्ये सही करतात. दवाखान्याची वेळ नेहमीचीच, सकाळी दहा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. सोमवारी संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, जमलं तर उद्या सकाळी या.

गावाकडच्या लोकांसाठी वेगळं सांगते. पाऊस लागून राहिलाय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चिखली-आंबेवाडीकडचे, बावडा-शिये रस्त्यानं येणारे आणि केर्लीवरून पन्हाळ्याकडं जाणारे, तुम्ही मेसेजची वाट बघूच नका. रस्ता एकदा पाण्याखाली गेला की मेसेज वेळेवर येऊनही काही उपयोग नाही. २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं ते आठवा, तेव्हा शिरोलीला हायवेच बंद होता. सरांनी सांगितलंय, या लोकांना निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा लिहून देऊ. बँकेच्या पासबुकासारखी चिठ्ठीही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन घेऊन जाणार असाल तर बर्फाला चिकटवून नेऊ नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. घरी फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, वर बर्फाच्या कप्प्यात नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस आज दुपारी तीनला येतोय. तारखा नुसत्या सुलट करून भागणार नाही, जुन्या बंद केलेल्या गोळ्यांच्या ज्या नोंदी परत जाग्या झाल्यात त्या एकेक बघून बंद कराव्या लागतील. ते काम मी आणि सिस्टर मिळून करणार, त्याच्यावर सोडणार नाही. म्हणून शनिवारपर्यंत यादी हातानं तपासल्याशिवाय एकही मेसेज जाणार नाही, उद्याचासुद्धा. उद्या साडेदहा झाले तरी मेसेज आला नाही आणि तुमच्या गोळ्या रविवारी, १२ तारखेला संपत असतील, तर सरळ फोन करा.

फोन लागला नाही तर याच नंबरवर पाकिटाचा फोटो टाका, पुढच्या बाजूचा, नाव आणि मिलीग्रॅम दिसतील असा. शिल्लक गोळ्या किती तेही लिहा. नुसतं "माझी पांढरी गोळी" असं लिहू नका, सकाळपासून तशी तीन आलीत.

रिसेप्शन