संजूभाऊंना, रात्रीच्या मेसेजबद्दल

संजूभाऊ, नमस्कार.

काल रात्रीचे तुमचे सगळे मेसेज आत्ता ऑफिसात बसून नीट बघितले. आधी कामाचं सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. अडावदकडच्या दोन्ही गाड्यांची वजनं शीटमध्ये चढवली. दिल्लीच्या गाडीची बिल्टी झाली, ड्रायव्हरशी बोलणंही झालं. तिसऱ्या पावतीचं शेवटी लिहिते.

आता दुसरं. थोडं लांबेल, चहा घेता घेता वाचा. ग्रुपवर टाकत नाहीये आणि मालकांच्या कानावरही घातलेलं नाही. हे तुमच्या-माझ्यातलं आहे, तिथेच राहू दे.

भाऊ, रात्री नऊनंतर मला कामाचे मेसेज पाठवत जाऊ नका, ही विनंती.

लिहून टाकलं एकदाचं. गेले पंधरा दिवस हे वाक्य कसं म्हणावं याचाच विचार चालला होता. तुम्ही वयाने मोठे, या धंद्यात माझ्या आधीपासून आहात. मी इथे लागले तेव्हा घड आणि फणीपलीकडे केळीतलं मला काही कळत नव्हतं. मृगबाग कोणती, कांदेबाग कोणती, बऱ्हाणपूरचा भाव फुटला की इथे फोन का वाजायला लागतात, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून कोरडं उत्तर द्यायला हात धजत नव्हता आणि गप्प बसून मनातल्या मनात चिडणंही बरं वाटेना.

तुम्ही रात्री का लिहिता ते मला ठाऊक आहे. या आठवड्यात तुमच्याकडे लाइट रात्रीची आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या बागेत कापणीवर उभं राहायचं आणि रात्री बॅटरी घेऊन स्वतःच्या बागेला पाणी द्यायला जायचं. मोटर चालू करून बांधावर बसलं की मग कुठे खिसा रिकामा करायला फुरसत मिळते, त्यातून काट्याच्या पावत्या निघतात, त्यांचे फोटो निघतात आणि माझ्याकडे येतात. तुमच्या आवाजी मेसेजमध्ये मागे मोटर ऐकू येते, परवा तर कोणाला तरी 'पाय जपून टाक रे' म्हणालेलंही ऐकू आलं. हौस म्हणून कोणी रात्री एक वाजता बांधावर बसत नाही. चौवेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात केळीला एक पाणी चुकलं तर काय होतं ते मला आता कळतं. तेव्हा तुमच्या जागण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

पण तुमची लाइट रात्रीची आहे, माझी नाही.

माझ्या घरचं तुम्हाला पूर्ण माहीत नसेल. भुसावळात घरटी एक रेल्वेचा माणूस म्हणतात, तसे आमचे हे मालगाडीवर लोको पायलट. ड्युटीला ठरलेली वेळ नसते. साधारण दोन तास आधी कॉल येतो, की डबा घ्यायचा आणि निघायचं. कधी बडनेऱ्याकडे, कधी खंडव्याकडे, कधी इगतपुरी. घरी असतात तेव्हा त्यांची झोप व्हायलाच हवी, कारण उद्या त्यांच्या हाती अख्खी गाडी असते. आणि लाइनवर असतात तेव्हा माझा फोन रात्रभर चालू असतो. तुम्ही म्हणाल, आवाज बंद करून झोपा. तेच तर करता येत नाही. ते बाहेर असले की रात्रीचा फोन वाजला म्हणजे आधी काळजात चर्र होतं, हात नंतर पुढे जातो.

त्यात सध्या आम्ही गच्चीवर झोपतो. मे महिन्यात आमच्या खोल्यांच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. सासूबाई, मुलगी आणि मी एका ओळीत, फोन उशाशी. परवा पावणेएकला उजेड पडला तो तिघींच्या तोंडावर. सासूबाई उठून बसल्या, म्हणाल्या, "काय गं, लाइनवर काही झालं का?" मी बघितलं तर तुमचा मेसेज: "झोपनी का वो ताई?"

हसू आलं भाऊ, खरंच सांगते. झोपनी होतू, असं उत्तर द्यावंसंही वाटलं. (माझी अहिराणी अशीच आहे, तुम्हीच सुधारा.) पण त्यानंतर सासूबाईंना तीनपर्यंत डोळा लागला नाही. आणि पाच वाजता नळाला पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो, ती वेळ चुकवून चालत नाही.

यात माझी चूक आहे ती आधी कबूल करते. मागच्या हंगामात तुम्ही रात्री पावती टाकली की मी लगेच अंगठा पाठवायचे. नवी होते, वाटायचं, लगेच उत्तर दिलं नाही तर काय म्हणतील. वर्षभर अंगठे बघितल्यावर तुम्हाला वाटणारच की ताई जागीच असते. सवय मीच लावली, आता मोडायचीही मलाच आहे.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. एप्रिलमध्ये एका गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल होता, आठवतं ना? एकाचे 64 क्विंटल, दुसऱ्याचे 46. तुम्ही साडेबाराला आवाजी मेसेजमध्ये दोन्ही सांगितले आणि मी अर्धवट झोपेत ते तेव्हाच शीटमध्ये टाकले, उलटे. एकाच्या हिशेबातून 18 क्विंटल गेले. तो शेतकरी शहाणा, पावती घेऊन आला, आरडाओरडा न करता खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, एवढं एकदा बघून घ्या." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तुम्हाला तेव्हा मी फक्त 'दुरुस्त केलं' एवढंच कळवलं होतं. तुमचं सांगणं बरोबर होतं, ऐकणारी झोपेत होती.

तेव्हा आजपासून मी असं करणार आहे. रात्री नऊला कामाचं बघणं बंद. सकाळी सावद्याच्या एसटीत बसते, तापीचा पूल ओलांडला की फोन उघडते, तेव्हा साडेसात झालेले असतात. तिथून ऑफिसला पोचेपर्यंत तुमचं सगळं वाचून होतं आणि साडेनऊच्या आत शीटमध्ये चढतं. मालक आकडे दहाला मागतात. म्हणजे रात्री एकला आलेली पावती आणि सकाळी सातला आलेली पावती एकाच वेळी चढते, भाऊ. रात्री पाठवून एक मिनिटही लवकर होत नाही.

तुमचंही बरोबर की पावती खिशात राहिली तर भिजते, हरवते, घामाने शाई उडते. फोटो रात्रीच काढून ठेवा, त्याला कोण नाही म्हणतं. व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो, त्यात टाकत जा. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, जे डोक्यात असेल ते तिथे लिहून मोकळे व्हा. सकाळी उठलात की सगळे एकदम माझ्याकडे ढकलायचे. जमलं नाही तर तुमच्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत दाखवेल. आणि एक हट्ट आहे: वजन आवाजी मेसेजमध्ये सांगू नका. चार मिनिटांच्या मेसेजमध्ये आकडा कुठे आहे ते शोधायला मला तो तीनदा ऐकावा लागतो, त्यात मोटर. पावतीचा फोटो आणि खाली नाव, एवढं बास.

आता खरोखरची अडचण आली तर. गाडी उलटली, रस्त्यात बंद पडली, मजुराला काही लागलं, किंवा सातपुड्याकडून वादळ आलं आणि बागा आडव्या झाल्या, तर मेसेज करूच नका, सरळ फोन करा. पहिला उचलला नाही तर लगेच दुसरा करा. घरच्यांचे नंबर सोडून बाकी सगळं मी रात्री गप्प ठेवणार आहे, पण त्यात अशी सोय आहे की त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजतो. तो वाजला की मी उचलेन, रात्रीचे दोन असोत की तीन. मागच्या जूनमधल्या वादळात आपण रात्रभर बोलत होतो, तेव्हा मी एकदा तरी कुरकुरले का? तसं परत झालं तर परत जागू.

भाव मात्र अडचणीत मोडत नाही. बऱ्हाणपूरला काय निघालं ते सकाळी कळलं तरी रात्रीत केळी काही पिकून जात नाहीत. मालक तुम्हाला रात्री फोन करून आकडे विचारत असतील आणि म्हणून तुम्ही माझ्याकडे धावत असाल, तर मला मोकळेपणाने सांगा. आपण दोघं मिळून त्यांना सांगू की शीट त्यांच्याही फोनवर उघडते, रात्री आठपर्यंतचं सगळं त्यात असतं. तुम्ही एकट्याने मध्ये सापडायचं काही कारण नाही.

माझी भाची पुण्यात कंपनीत आहे. ती म्हणाली, मावशी, कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क म्हणून फ्रान्समध्ये 2017 पासून कायदा आहे, आपल्याकडेही 2018 मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, तू सरळ कायद्याचं सांग. मी म्हटलं, अगं, संजूभाऊंना कायदा सांगायला मी काय तहसीलदार आहे? लोकसभेपर्यंत कशाला जायचं, अडावद-सावदा एवढ्यात मिटेल.

एखाद्या रात्री विसरून पाठवलंत तरी मी मनात धरणार नाही, फक्त उत्तर सकाळी येईल. मी रागावले असं समजू नका. आणि माझं वागणं तुम्हाला कुठे खटकत असेल, सकाळी तुम्ही कापणीत असताना मी चारचारदा फोन करते वगैरे, तर तेही सांगा. कोयता हातात असताना फोन उचलणं अवघड असतं हे मला उशिराच सुचलं. तुम्ही म्हणाल ती वेळ ठरवू, अकरानंतर चालेल का?

ती तिसरी पावती: काट्याचा शिक्का फोटोत कापला गेलाय आणि 7 आहे की 1 ते कळत नाही. आज उजेडात परत एक फोटो काढून पाठवा, दुपारी चारपर्यंत आला तर त्या शेतकऱ्याचे पैसे उद्याच्या यादीत बसतात.

आपली,
वैशाली