विषय: रविवार 1 नोव्हेंबर आणि रात्री 9:30 च्या मीटिंगऐवजी दिवसाच्या वेळा

सोमवार, 26 ऑक्टोबर, दुपारी 12:10

नीलेश सर, नमस्कार.

तुमची दोन्ही निमंत्रणं सकाळी बघितली. एक रविवार 1 नोव्हेंबर, सकाळी 11 ते 1, आपल्या दोघांच्या तयारीसाठी. दुसरं या गुरुवारपासून दर सोमवारी आणि गुरुवारी रात्री 9:30, ओहायोच्या टीमसोबत. व्हॉल्व्ह बॉडीच्या गळतीचा विषय लांबवून चालणार नाही, हे मला पटतं. पुढचा लॉट अडकला तर ताण आधी तुमच्यावर येतो आणि मग आमच्यावर. म्हणून मीटिंग तर घेऊच, फक्त या दोन वेळांना मला जमणार नाही. त्याऐवजी कधी जमेल ते खाली लिहिते आहे.

रविवारचं आधी. 1 नोव्हेंबरला बेळगावात काय असतं ते वेगळं सांगायला नको. एका बाजूला राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसऱ्या बाजूला काळा दिन, चन्नम्मा चौकाकडची वाहतूक वळवलेली. उद्यमबागपर्यंत मी पोचले तरी प्लांट बंद, लॅब बंद, मोल्डिंगवर कुणी नाही. घरून बोलता येईल, पण समोर नग नसताना मी तुम्हाला काय दाखवणार? शिवाय येळ्ळूरला आमचं भात कापणीला आलंय आणि माणसं रविवारीच मिळतात. अर्थात शेत नसतं तरी मी रविवार मोकळाच मागितला असता. उगाच भाताच्या आड लपत नाही.

त्याऐवजी या तीन वेळांपैकी तुम्हाला सोयीची कुठली ते बघा:

शुक्रवार 30 ऑक्टोबर, दुपारी 2:30 ते 4.
शनिवार 31 ऑक्टोबर, सकाळी 11 ते 12:30. आमचा शनिवार कामाचा असतो. तुमची सुट्टी असते, म्हणून आग्रह नाही.
सोमवार 2 नोव्हेंबर, सकाळी 9:30 ते 11.

माझ्या मते शुक्रवार सर्वांत चांगला. लीक टेस्टला 40 पैकी जे 6 नग बुडबुडे सोडत होते, त्यातले दोन उद्या कापायला देते आहे. पॉलिश करून मायक्रो बघेपर्यंत गुरुवार उजाडेल. शुक्रवारी ते कापलेले तुकडे टेबलावर दिव्याखाली ठेवून कॅमेऱ्यात दाखवता येतील. पोकळीची भिंत गुळगुळीत आणि गोल असली तर वायूचा संशय, म्हणजे कोअर, ओलावा, व्हेंट इकडे बघायचं. खडबडीत आणि फाटल्यासारखी असली तर श्रिंकेज, म्हणजे रायझर आणि चिलचा विषय. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. आत्ता अंदाजावर बोललो तर पॅटर्न शॉपला उगाच भलतं काम लागेल.

शुक्रवार जमला नाही तरी फोटोंसह दोन पानी अहवाल मी शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत पाठवते. तुम्हाला रविवारी निवांत वाचायचा असेल तर वाचा. प्रश्न मेलवर लिहून ठेवा, सोमवारी आल्याबरोबर पहिलं उत्तर त्यांनाच.

आता रात्रीच्या कॉलचं. इथे एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. ते निमंत्रण ओहायोच्या वेळेवर बनवलेलं आहे, तिकडचे दुपारचे 12. रविवारी, 1 तारखेला पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तास होतं. त्यामुळे 2 नोव्हेंबरपासून तीच मीटिंग माझ्या कॅलेंडरवर रात्री 10:30 ला दिसते आहे. तुमच्याही दिसत असेल, एकदा बघा. साडेदहाला सुरू झालेला कॉल संपणार पावणेबाराला, आणि सकाळी साडेआठला पहिल्या हीटच्या सॅम्पलपाशी मी असायला हवं.

आणि खरं सांगू का, रात्री तुम्हाला एकटी मीच मिळेन. गेल्या वेळी ओहायोच्या टीमने विचारलेले निम्मे प्रश्न मोल्डिंगचे होते: वाळूतला ओलावा किती, कोअर कधी भाजले, किती वेळ पडून राहिले. याची उत्तरं आमच्या मोल्डिंगच्या अण्णांकडे. ते देसूरहून येतात. संध्याकाळपर्यंत शॉपमध्ये असतात, तेव्हा मी शेजारी उभी राहून त्यांचं कन्नड इंग्रजीत सांगू शकते. रात्री साडेनऊला मी ‘विचारून कळवते’ एवढंच म्हणणार, आणि मग तुम्ही पुन्हा गुरुवारची वाट बघणार.

म्हणून माझा प्रस्ताव असा. या गुरुवारी, 29 तारखेला, आपल्याकडे संध्याकाळी 5:30. ओहायोत तेव्हा सकाळचे 8 वाजलेले असतील. 2 नोव्हेंबरनंतर दर मंगळवारी संध्याकाळी 6:30, तिकडे पुन्हा सकाळचे 8. आमची सुट्टी साडेपाचला होते, पण मंगळवारी मी थांबेन. दुसऱ्या दिवशी थोडी उशिरा येईन असं प्लांट हेडशी बोलून ठेवलं आहे, तेव्हा संकोच नको. 10 तारखेचा मंगळवार पाडव्याचा आहे. त्या आठवड्यात गुरुवार, 12 तारीख धरू.

आठवड्यातल्या दुसऱ्या कॉलऐवजी गुरुवारी 5 वाजेपर्यंत मी लेखी माहिती पाठवत जाईन: हीट नंबर, लीक टेस्टचा निकाल, काय बदललं, काय उरलं. तिकडे सकाळी साडेसहाला ती त्यांच्या मेलमध्ये पडलेली असेल. महिनाभर असं करून बघू. नाही जमलं तर पुन्हा बोलू, मी काही दगडावरची रेघ मारत नाही.

आणि हे सगळं रोजच्या कामाचं झालं. तिकडे असेंब्लीची लाइन थांबली, किंवा गळणारा नग पुढे गेला असं कळलं, तर रात्री अकरालाही फोन करा. रविवार असला तरी करा. मेलची वाट बघू नका.

दोन्ही निमंत्रणांना कॅलेंडरवर ‘नाही’ लावते आहे आणि कारणात या मेलचा उल्लेख करते, म्हणजे ओहायोच्या टीमला तुटक वाटणार नाही. तुम्ही वेळ कळवली की नवी निमंत्रणं मीच काढते.

आपली,
सुजाता
क्वालिटी विभाग, उद्यमबाग, बेळगाव


सोमवार, 26 ऑक्टोबर, दुपारी 4:35

सुजाता मॅडम,

10:30 चं खरंच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही कॅलेंडरवर तेच दिसतंय, आणि मलाही घर आहे!

शुक्रवारी मी दिवसभर चाकणला एका सप्लायरकडे आहे, फोनला रेंजसुद्धा धड नसते. शनिवारी ऑफिस बंद, तरी मी घरून बसू शकतो. पण तुम्ही रविवार मोकळा मागायचा आणि मी माझा शनिवार द्यायचा, हे काही बरोबर वाटत नाही. (गंमत करतोय.) सोमवार 2 तारीख, 9:30 चालेल. मात्र अहवाल शुक्रवारीच हवा, कारण सोमवारी दुपारी मला वर उत्तर द्यायचं आहे.

ओहायोशी बोललो. त्यांचे इंजिनीअर मुलाला शाळेत सोडून येतात, त्यांना 8 ला जमत नाही, 8:30 ला जमेल. म्हणजे या गुरुवारी आपले 6 आणि पुढे मंगळवारी 7. सात तुम्हाला उशीर होईल का? आणि एक कॉल कमी केल्याबद्दल ते जरा साशंक आहेत. म्हणाले, पहिले दोन आठवडे तरी दोन कॉल ठेवू.

नीलेश


सोमवार, 26 ऑक्टोबर, संध्याकाळी 5:15

नीलेश सर,

गाडीला पंधरा मिनिटं आहेत, म्हणून थोडक्यात.

सोमवार 2 तारीख, 9:30 पक्कं. अहवाल शुक्रवारी 5 च्या आत. तुम्ही चाकणहून परतताना फोनवर उघडणार असाल तर फोटो वेगळे जोडत नाही, एकाच पीडीएफमध्ये घालते.

मुलाला शाळेत सोडायचं असेल तर त्यांना घाई कशाला करायची. या गुरुवारी 6 ला हरकत नाही. मंगळवारचे 7 पण घेईन, फक्त अर्धा तास धरू, 7 ते 7:30. अण्णा तोपर्यंत थांबू शकत नाहीत, त्यांची बस जाते. त्यावर असं करू: ओहायोच्या टीमने मोल्डिंगचे प्रश्न सोमवारी त्यांचा दिवस संपायच्या आत लिहून पाठवावेत. मला ते मंगळवारी सकाळी मिळतील. अण्णांना दुपारी साच्यापाशीच उभं करून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेते, खाली इंग्रजीत लिहिते आणि कॉलच्या आधी पाठवते. वाळू हातात घेऊन ते जे दाखवतील ते मला रात्री तोंडी सांगून जमलं नसतं.

दुसऱ्या कॉलबद्दल त्यांची शंका रास्त आहे. मागचा लॉट बघता मीही तेच म्हटलं असतं. 5 नोव्हेंबरच्या गुरुवारी 7 ला आणखी एक कॉल ठेवते. पुढच्या आठवड्यात पाडवा असल्यामुळे मंगळवार नाहीच, 12 तारखेचा एकच. तोवर नव्या चिलचे किंवा नव्या व्हेंटचे, जे काही निघेल त्याचे, नग लीक टेस्टमधून गेलेले असतील. आकडे बघून त्यांनीच ठरवावं, आठवड्याला एक पुरे की दोन हवेत. दोन म्हणाले तर दोन करू, पण याच वेळेत. साडेदहावर परत जायला नको एवढंच.

तुमच्या शनिवारचं बोललात ते बरोबर आहे. तो पर्याय मी यादीत टाकायलाच नको होता, आमच्याकडे कामाचा असतो म्हणून हात आपोआप तिकडे गेला.

निमंत्रणं आता काढली, बेळगावच्या वेळेवर:

गुरुवार 29 ऑक्टोबर, संध्याकाळी 6
सोमवार 2 नोव्हेंबर, सकाळी 9:30 (आपण दोघंच)
मंगळवार 3 नोव्हेंबर, संध्याकाळी 7
गुरुवार 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 7
गुरुवार 12 नोव्हेंबर, संध्याकाळी 7

ओहायोच्या निमंत्रणात त्यांची वेळही वर लिहिली आहे, पाचही कॉलपैकी त्यांचे चार, चारही सकाळी 8:30. घड्याळ बदलल्यावर कुणी चुकून तासभर आधी येऊन बसायला नको. जुनी रात्रीची मालिका तुमच्या नावावर आहे, ती तेवढी तुम्हीच रद्द करा, माझ्याकडून होत नाही.

सुजाता